जुनी गाडी स्क्रॅप करायची आहे? सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट कसं मिळतं आणि आरसी खरंच रद्द झाली हे कसं ओळखायचं

मोरगावात काय किंवा सुप्यात काय, प्रत्येक चौथ्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी मोटारसायकल उभी असते. टायर बसलेले, सीटवर कोंबडी बसलेली. ती कुणी चालवत नाही आणि विकतही नाही. मग एक दिवस भंगारवाला दारात येतो, चार हजार रुपये हातावर ठेवतो, गाडी टेम्पोत टाकतो आणि घरच्यांना वाटतं, विषय संपला.

विषय तिथे संपत नाही. भंगारवाल्याने नेला तो फक्त लोखंडाचा सांगाडा. सरकारच्या ‘वाहन’ डेटाबेसमध्ये ती गाडी अजून तुमच्या वडिलांच्याच नावावर जिवंत आहे. तिचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, सगळं तसंच. उद्या कुणी ते इंजिन दुसऱ्या फ्रेममध्ये बसवलं, तीच नंबर प्लेट लावून अपघात केला किंवा गाडी चोरीच्या भानगडीत सापडली, तर पोलिसांच्या मशीनवर नाव येणार ते आरसीवरचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं होतं. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच माणसाचं राहिलं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी कोर्टाने त्या आरसीवरच्या माणसावर ठेवली.

म्हणून गाडी मोडीत काढणं आणि गाडीचं रजिस्ट्रेशन रद्द करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकत्र, कायदेशीर पद्धतीने करण्याची सोय २०२१ च्या नियमांनी झाली. ती प्रत्यक्षात कशी चालते हे आपण एका उदाहरणातून बघू.

आपलं उदाहरण

समजा मोरगावातल्या एका घरात २००८ सालची १०० सीसी मोटारसायकल आहे. पासिंग बारामतीचं, म्हणजे नंबर एमएच ४२ ने सुरू होणारा. गाडी आप्पांच्या नावावर, म्हणजे वडिलांच्या. २०२३ मध्ये १५ वर्षं झाली, आरसीची मुदत संपली, रिन्यू कुणी केली नाही. इन्शुरन्स त्याच्या आधीच बंद. आता मुलाला नवी स्कूटर घ्यायची आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘१५ वर्षं झाली म्हणजे गाडी स्क्रॅप करावीच लागते’ असं बरेच जण सांगतात. महाराष्ट्रात खासगी गाडीला तसं बंधन नाही. दिल्ली आणि आजूबाजूच्या भागातले नियम वेगळे आहेत, आणि सरकारी गाड्यांना १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांची मर्यादा आहे. तुमची खासगी गाडी तपासणीत पास झाली तर आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू होते.

प्रश्न खर्चाचा आहे. १५ वर्षांनंतर मोटारसायकलच्या आरसी रिन्यूअलची फी १ एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये आहे, आणि गाडी २० वर्षांपुढची असेल तर २०२५ पासून २,००० रुपये. त्यावर पर्यावरण कर, जो दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपये असा लावलेला आहे. उशीर केला तर मोटारसायकलला दर महिन्याला ३०० रुपये जादा फीची तरतूद नियमात आहे. पुढे इन्शुरन्स, पीयूसी आणि गॅरेजचं बिल. ज्या गाडीचे बाजारात पाच-सहा हजारसुद्धा येणार नाहीत, तिच्यावर एवढा खर्च करायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपल्या उदाहरणातल्या घराने ‘नको’ असं ठरवलं.

आणि हो, स्क्रॅप करण्यासाठी आधी आरसी रिन्यू करावी लागत नाही. मुदत संपलेली गाडी स्क्रॅपला चालते. उलट चालू मुदतीची गाडीसुद्धा मालक स्वतःहून ‘मला ही आता नको’ म्हणून देऊ शकतो.

पहिली अडचण: ओटीपी कुठे जातो?

अर्ज ऑनलाइन होतो. साइट आहे `vscrap.parivahan.gov.in`. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे टाकले की ओटीपी येतो. बहुतेक घरांत गाडी अडते ती इथेच.

‘आप्पा, ओटीपी आला का बघा.’

‘माझ्याकडं काही नाही आलं. कुठल्या नंबरवर पाठवलाय?’

२००८ मध्ये गाडी घेताना शोरूमवाल्याने जो नंबर दिला असेल तो. कधी तो बंद पडलेल्या सिमचा असतो, कधी एजंटचा स्वतःचाच असतो, आणि जुन्या रेकॉर्डमध्ये कधी मोबाइल नंबर नसतोच. त्यामुळे स्क्रॅपच्या साइटवर जायच्या आधी `parivahan.gov.in` वर जाऊन मोबाइल नंबर अपडेट करून घ्या. त्यासाठी आरसीवरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर, रजिस्ट्रेशनची तारीख आणि मालकाचं आधार लागतं. इथे नावाची गंमत होते. आरसीवर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असेल तर सिस्टीम दोघांना वेगळी माणसं समजते. असं झालं तर ऑनलाइन डोकं आपटत बसू नका. मूळ आरसी आणि आधार घेऊन बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जा. मोरगावहून पस्तीसेक किलोमीटर, एक दिवस जाईल, पण काम तिथेच होणार.

काही जुन्या गाड्यांचं रेकॉर्ड ‘वाहन’ मध्ये सापडतच नाही. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला आणि काहीच आलं नाही, तर समजा की तुमची गाडी अजून कागदी रजिस्टरमध्येच आहे. आरटीओच्या भाषेत याला ‘बॅकलॉग एंट्री’ करून घेणं म्हणतात. जुनं आरसी बुक दाखवून ती नोंद आधी कॉम्प्युटरवर चढवावी लागते. ती झाल्याशिवाय स्क्रॅपचा अर्ज पुढे सरकत नाही.

आपल्या उदाहरणात रेकॉर्ड होतं, नंबर तेवढा जुना होता. तो बदलला आणि अर्ज सुरू झाला.

दुसरी अडचण: सिस्टीम चार गोष्टी तपासते

सप्टेंबर २०२२ मध्ये नियमांत बदल झाला आणि सगळी प्रक्रिया ऑनलाइन आली. तेव्हापासून अर्ज करतानाच ‘वाहन’ डेटाबेस चार गोष्टी बघतो: गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, गुन्ह्याची किंवा चोरीची नोंद आहे का, काही थकबाकी आहे का, आणि आरटीओने गाडी ब्लॅकलिस्ट केली आहे का. यातलं एक जरी निघालं तरी अर्ज जमा होत नाही.

सर्वात जास्त लोकांना अडवतो तो कर्जाचा बोजा. आप्पांनी २००८ मध्ये गाडी हप्त्यावर घेतली, तीन वर्षांत हप्ते फेडले, आणि फायनान्सवाल्याचा दाखला कपाटात ठेवून दिला. आरटीओत जाऊन बोजा उतरवलाच नाही. आज पंधरा वर्षांनी आरसीवर त्या फायनान्स कंपनीचं नाव तसंच आहे. बोजा उतरवायला कंपनीचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. ती कंपनी आता दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असेल तर नव्या कंपनीकडून पत्र आणावं लागतं. स्क्रॅपच्या पूर्ण कामात सर्वात जास्त वेळ खाणारी गोष्ट हीच असू शकते, त्यामुळे आरसीच्या मागच्या बाजूला कुणाचं नाव आहे का हे आजच बघून ठेवा.

थकबाकीत ई-चलनही मोजा. `mahatrafficechallan.gov.in` वर गाडीचा नंबर टाकला की किती चलनं बाकी आहेत ते फोटोसकट दिसतं. कधी फोटोत दुसऱ्याचीच गाडी निघते, म्हणजे कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतोय. अशा वेळी दंड भरून मोकळं होऊ नका, आधी तक्रार करा. दंड भरला म्हणजे ती गाडी तुमचीच होती असं मान्य केल्यासारखं होतं.

मूळ आरसी हरवली असेल तर आधी हरवल्याची पोलिसांकडे नोंद आणि मग फॉर्म २६ भरून डुप्लिकेट आरसी. मेलेल्या गाडीसाठी डुप्लिकेट आरसी काढायची, हे विचित्र वाटतं खरं. पण केंद्र मूळ आरसी जमा करून घेतं, त्यामुळे पर्याय नाही.

मालक हयात नसेल तर

हा प्रश्न गावाकडे फार येतो, म्हणून थोडं थांबू. गाडी आजोबांच्या नावावर आणि आजोबा नाहीत. मोटार वाहन नियमांप्रमाणे मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. दुःखात कुणाला हे सुचत नाही, आणि वर्षं निघून जातात.

अशा गाडीसाठी मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती हे कागद तयार ठेवा. मग ज्या केंद्रात गाडी देणार आहात त्यांना फोन करून हे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवा आणि ‘याच्यावर तुम्ही अर्ज स्वीकाराल का, की आधी नाव बदलून आणू?’ असं थेट विचारा. गाडी टेम्पोत चढवायच्या आधी विचारा, नंतर नाही. भाऊबंदकीत गाडीवरून वाद असेल तर संमतीशिवाय पुढे जाऊच नका. चुरडलेली गाडी परत आणता येत नाही.

केंद्र कुठलं निवडायचं?

गाडी फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यायची. सरकारी कागदावर याचं नाव ‘आरव्हीएसएफ’ असं दिसेल. गावातला किंवा बारामतीतला भंगारवाला कितीही ओळखीचा असला तरी तो हे सर्टिफिकेट देऊ शकत नाही, कारण सर्टिफिकेट ‘वाहन’ सिस्टीममधूनच निघतं आणि तिचं लॉगिन फक्त नोंदणीकृत केंद्राकडे असतं. केंद्रांची यादी त्याच व्हीस्क्रॅप साइटवर राज्य निवडून बघता येते. गाडीचं पासिंग बारामतीचं असलं तरी केंद्र बारामतीतच हवं असं नाही, ते दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा दुसऱ्या राज्यातलंही चालतं.

दोन-तीन केंद्रांना फोन करून भाव विचारा. भाव ठरतो गाडीच्या वजनावर आणि त्या दिवशीच्या लोखंडाच्या दरावर. २०२१ मध्ये धोरण जाहीर झालं तेव्हा स्क्रॅपची किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के मिळेल असं सांगितलं होतं. तो अंदाज होता, हक्क नव्हे. भाव विचारताना एक प्रश्न नक्की विचारा: ‘गाडी न्यायला तुम्ही येणार का, आणि त्याचे पैसे कापणार का?’ शंभर-सव्वाशे किलोच्या मोटारसायकलसाठी मोरगावहून पुण्याच्या बाजूला रिकामा पिकअप बोलावला तर गाडीच्या किमतीचा मोठा वाटा भाड्यातच जाईल. दोन-तीन घरांनी मिळून एकाच खेपेत गाड्या नेल्या तर परवडतं.

गाडी चालवत नेऊ नका. ती सुरू होत असली तरी नाही. आरसी संपलेली, इन्शुरन्स नाही, पीयूसी नाही. जेजुरीच्या रस्त्यावर अडवलं तर दंड भरावा लागेल, आणि अपघात झाला तर पूर्ण भरपाई स्वतःच्या खिशातून.

गाडी देण्याच्या दिवशी

केंद्रात सर्वात आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून बघतात. मोटारसायकलचा चेसिस नंबर सहसा हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो. पंधरा वर्षांचा चिखल आणि गंज त्यावर बसलेला असतो. रॉकेल किंवा डिझेल लावून फडक्याने पुसा आणि घरीच फोटो काढून आरसीशी जुळवा. सँडपेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. अक्षरं घासली गेली तर नंबर बदलला आहे असा संशय येतो आणि मग गाडी कुणी हात लावत नाही.

इंजिन नंबर जुळत नसेल तर आठवा, कधी गॅरेजमध्ये इंजिन किंवा त्याचं बाहेरचं केसिंग बदललं होतं का? जुन्या गाड्यांत हे सर्रास झालेलं असतं आणि आरटीओत कुणी नोंद केलेली नसते. हे आधीच कळलं तर आरटीओत जाऊन मार्ग काढता येतो. केंद्राच्या दारात कळलं तर टेम्पोचं भाडं वाया.

सोबत न्यायचे कागद म्हणजे मूळ आरसी, मालकाचं आधार आणि पॅन, आणि बँक खात्याचा कॅन्सल चेक. मालक स्वतः येणार नसेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र. आरसी देण्याआधी दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, कारण ती परत मिळणार नाही. गाडीच्या डिकीतले कागद, चाव्या, जुना पीयूसी सगळं काढून घ्या.

गाडी देताना मालक आणि केंद्र दोघांचंही हमीपत्र होतं. गाडी सोपवण्याआधी जे काही झालं त्याला मालक जबाबदार, आणि सोपवल्यानंतर जे होईल त्याला केंद्र. म्हणून गाडी ज्या दिवशी आणि ज्या वेळी ताब्यात दिली ती वेळ पावतीवर लिहून घ्या. केंद्राचा माणूस दारातून गाडी उचलणार असेल तर त्याला कोरी सही केलेला कुठलाही फॉर्म देऊ नका.

सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट म्हणजे शेवट नव्हे

गाडी जमा झाली की मालकाच्या नावाने सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट तयार होतं. नावातच आहे, हे ‘जमा केल्याचं’ सर्टिफिकेट. गाडी केंद्राच्या ताब्यात आली, एवढंच ते सांगतं. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर ही पीडीएफ आली की निश्चिंत होतात, आणि इथेच चूक होते.

यानंतर केंद्रात गाडीतलं पेट्रोल, ऑइल काढतात, बॅटरी वेगळी करतात, सुटे भाग आणि धातू वेगळे करतात. चेसिस नंबरचा कोरलेला तुकडा कापून सहा महिने जपून ठेवावा लागतो, म्हणजे पुढे काही वाद किंवा पोलीस चौकशी आली तर दाखवता येईल. हे सगळं झाल्यावर केंद्र दुसरं सर्टिफिकेट काढतं, सर्टिफिकेट ऑफ व्हेइकल स्क्रॅपिंग. गाडी प्रत्यक्षात नष्ट झाली, हे सांगणारा कागद तो. त्याची नोंद ‘वाहन’ मध्ये जाते आणि त्यावरून रजिस्ट्रेशन रद्द होतं.

म्हणजे तीन टप्पे आहेत: जमा, नष्ट, रद्द. नव्या गाडीवरची सवलत पहिल्या कागदावर मिळते. तुमची जबाबदारी सुटते ती तिसऱ्या टप्प्यावर. मधल्या काळात केंद्राने गाडी मागच्या दाराने कुणाला विकली, असं होऊ नये म्हणूनच तिसरा टप्पा स्वतः तपासायचा असतो.

तपासायचं कसं? एमपरिवहन ॲपमध्ये किंवा परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाका आणि आरसीचं स्टेटस बघा. तिथे अजून `ACTIVE` दिसत असेल तर काम अर्धंच झालंय. पंधरा दिवसांनी, महिन्याने परत बघा. तरी बदल नसेल तर केंद्राला दुसऱ्या सर्टिफिकेटची प्रत मागा. ते टाळाटाळ करत असतील तर दोन्ही सर्टिफिकेटांच्या प्रती आणि ताब्यात दिल्याची पावती जोडून बारामती आरटीओला लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाल्यावर १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे. तो पोचचा कागद पुढे तुमच्या बाजूने बोलतो.

खोटं सर्टिफिकेट ओळखणंही याच मार्गाने होतं. एखादा एजंट ‘साहेब, गाडी न नेता सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणाला आणि रंगीत कागद दिला, तर तो सिस्टीममध्ये असणार नाही. आपल्या मोबाइलवर ओटीपी आला नाही, अर्ज क्रमांक नाही, साइटवर त्या गाडीच्या अर्जाची नोंद नाही, तर तो कागद फाडून टाकण्याच्या लायकीचा.

सवलतीचा हिशेब

आता पैशांचं बोलू. सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट दाखवल्यावर नव्या गाडीची रजिस्ट्रेशन फी माफ होते. दुचाकीसाठी ती ३०० रुपये आहे, कारसाठी ६००. दुसरी सवलत रोड टॅक्समध्ये. केंद्राने खासगी गाडीला जास्तीत जास्त २५ टक्के आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्के अशी मर्यादा घालून दिली, आणि नेमकी किती द्यायची ते राज्यांवर सोडलं. महाराष्ट्रात ती आधी १० टक्के होती, २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ती १५ टक्के करण्याचा निर्णय घेतला.

ऐकायला १५ टक्के मोठं वाटतं, पण ते गाडीच्या किमतीवर नाही, टॅक्सवर आहे. मुलाने ८०,००० रुपयांची ११० सीसी पेट्रोल स्कूटर घेतली असं धरा. त्या गटाला महाराष्ट्रात ११ टक्के टॅक्स, म्हणजे ८,८०० रुपये. त्याचे १५ टक्के म्हणजे १,३२० रुपये. फी माफीचे ३०० मिळवले की १,६२० रुपये वाचले. केंद्राने जुन्या गाडीचे, समजा, २५ रुपये किलोने ११० किलोचे २,७५० रुपये दिले. एकूण ४,३७० रुपये. भंगारवाला दारातून चार हजार देत होता. टेम्पोचं भाडं धरलं तर कायदेशीर मार्गाने हातात थोडं कमीच येईल. दुचाकीच्या बाबतीत हे मान्य करावं लागतं. इथे जी रक्कम जाते ती आपलं नाव डेटाबेसमधून काढण्याची किंमत आहे, असं मी तरी धरतो.

कारचं गणित वेगळं. आठ लाखांच्या पेट्रोल कारला ११ टक्क्यांनी ८८,००० रुपये टॅक्स बसतो. त्याचे १५ टक्के १३,२०० रुपये होतात, आणि जुन्या कारचं वजनही सात-आठशे किलोच्या पुढे असतं. तिथे केंद्रात गेलेलं सरळ फायद्याचं ठरतं.

कंपन्यांनी स्क्रॅप सर्टिफिकेटवर ५ टक्के सूट द्यावी असंही धोरणात म्हटलं होतं, पण ती सक्ती नाही. शोरूममध्ये विचारून बघा, दिली तर घ्या. आणि दुचाकीच्या सर्टिफिकेटवर कारच्या टॅक्समध्ये सूट मागायला जाऊ नका, सवलत त्याच प्रकारच्या गाडीसाठी असते.

आपल्या उदाहरणात अजून एक मेख आहे. सर्टिफिकेट आप्पांच्या नावावर निघालं आणि स्कूटर मुलाच्या नावावर घ्यायची आहे. हे सर्टिफिकेट दुसऱ्याला देता येतं, विकताही येतं, पण ते ऑनलाइन नोंदवून. नुसती पीडीएफ शोरूमवाल्याला पाठवून चालत नाही. म्हणून शोरूममध्ये पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी करा: सर्टिफिकेट ज्याच्या नावावर नवी गाडी येणार त्याच्याकडे ट्रान्सफर करून घ्या, आणि डीलरला रजिस्ट्रेशनचा अर्ज भरतानाच सर्टिफिकेटचा नंबर टाकायला सांगा. एकदा पूर्ण टॅक्स भरला गेला की नंतर परतावा मागत फिरणं फार त्रासाचं. सर्टिफिकेटला मुदत असते आणि ती त्याच्यावर छापलेली असते. नवी गाडी वर्षभराने घ्यायची असेल तर ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. आणि ते एकदाच वापरता येतं. वापरलं की सिस्टीममध्ये तशी खूण होते, त्यामुळे कुणी ‘स्वस्तात सर्टिफिकेट घ्या’ म्हणत असेल तर आधी ते वापरलेलं नाही ना हे बघा.

स्टेटस बदललं की काय करायचं? जुन्या गाडीचा इन्शुरन्स अजून चालू असेल तर रद्द झाल्याचा पुरावा देऊन तो बंद करा. कार असेल तर फास्टॅग बंद करा, त्यातली शिल्लक आणि डिपॉझिट मागून घ्या. दोन्ही सर्टिफिकेटांच्या पीडीएफ, ताब्यात दिल्याची पावती, बँकेत आलेल्या पैशांची नोंद आणि बदललेल्या आरसी स्टेटसचा तारखेसकट स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये टाका, आणि तो फोल्डर फक्त स्वतःच्या फोनमध्ये न ठेवता आप्पांच्या मेलवरही पाठवा. कारण कधी चौकशीचा फोन आलाच, तर तो त्यांच्या नावाने येणार आहे.